६.७६ चे टक्के किती?

ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळ टक्केवारीच्या रकान्यावर जातो. नाव, जन्मतारीख, दाखल्याचा क्रमांक हे कागदावरून बघून टाकायचं असतं. मार्कशीटवर ग्रेड पॉइंट असतील तर टक्केवारी कागदावर नसतेच, ती काढावी लागते. आणि फॉर्म एकदा फायनल सबमिट झाला की बहुतेक ठिकाणी तो आकडा बदलता येत नाही.

काही महिन्यांपूर्वीची एक केस अजून डोक्यातून जात नाही. मुंबई विद्यापीठातून इंजिनीअरिंग झालेली मुलगी, बँकेच्या भरतीचा फॉर्म, पदवीला किमान ६० टक्क्यांची अट. अर्धा फॉर्म तिनं घरीच मोबाइलवर भरला होता. मिळालेले गुण ६.७६, एकूण गुण १०. फॉर्मनं स्वतःच भागाकार करून पुढच्या चौकटीत ६७.६० आणून ठेवले होते, आणि ती चौकट बदलता येत नव्हती. "दादा, हे बरोबरच असेल ना, कॉम्प्युटरनंच काढलंय," ती म्हणाली.

बरोबर नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्यानं फक्त गुण भागिले एकूण गुण एवढाच हिशेब धरलेला असतो. समोरचा आकडा गुण आहे की ग्रेड पॉइंट, हे त्या चौकटीला कळत नाही. निदान एक सूचना तरी तिथे हवी होती. इतक्या मुलांचे अर्ज ज्या रकान्यावर अडतात, तिथे इतका निष्काळजीपणा व्हायला नको.

दहाने गुणून टक्के का निघत नाहीत, ते ग्रेड कसा मिळतो हे पाहिलं की समजतं. तिच्या पद्धतीत एखाद्या विषयात ६० ते ६९.९९ टक्के पडले की ग्रेड सी आणि पॉइंट ७. म्हणजे ६१ वाल्याला ७ आणि ६९ वाल्यालाही ७. वरच्या टोकाला ८० आणि त्यापुढे सगळ्यांना १०. ग्रेड देतानाच मूळ गुणांमधला फरक पुसला जातो, तो पॉइंटवरून परत आणता येत नाही. म्हणून विद्यापीठ स्वतःचं एक सूत्र ठरवून देतं, आणि त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तेच लागू होतं. तिच्यासाठी ते असं होतं, त्यातला CGPI म्हणजे सगळ्या सेमिस्टरचा मिळून ग्रेड पॉइंट, तिचा ६.७६:

```
7.1 × CGPI + 12
```

४ पॉइंट घातले तर ४०.४ येतात, म्हणजे पासिंगच्या ४० च्या जवळच. ६.७६ घातले तर ४७.९९६ अधिक १२, एकूण ५९.९९६. मी कॅल्क्युलेटर तीनदा दाबला. ६० ला चार हजारांश कमी.

याच ६.७६ ला तिच्या मैत्रिणींनी आणखी दोन आकडे सांगितले होते. एकीनं ९.५ नं गुणून ६४.२२ काढले. ते ९.५ सीबीएसईच्या जुन्या दहावीचं आहे. २०१० ते २०१७ या काळात तिथे गुणांऐवजी सीजीपीए मिळायचा, आणि अंदाजे टक्केवारी काढायला ९.५ हा गुणक बोर्डानंच दिला होता. तो त्या दहावीपुरता. पदवीच्या कागदाला तो लावणं चूक आहे, पण कित्येक सायबर कॅफेत आजही सगळ्यांना सरसकट ९.५ लावतात, आणि भोगावं लागतं त्या मुलांना. दुसरीनं ०.७५ वजा करून दहाने गुणलं आणि ६०.१० आणले. हे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईच्या तक्त्याशी जुळतं, त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के. पण ज्या विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र आहे, त्याच्या विद्यार्थ्यानं दुसरं सूत्र घेऊन चालत नाही, कारण तपासणीला विद्यापीठाचंच पत्र मागतात.

आकडा काढण्याआधी मी दोन गोष्टी पाहतोच. पहिली, शेवटच्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर एसजीपीआय आणि सीजीपीआय शेजारी शेजारी असतात. एसजीपीआय त्या एका सेमिस्टरचा, सीजीपीआय सगळ्यांचा मिळून. तिचा एसजीपीआय ७.६ होता, आणि मोठा आकडा असला की नजर तिकडेच जाते. दुसरी, मार्कशीटची मागची बाजू. ग्रेडचा तक्ता आणि पुष्कळदा टक्केवारीचं सूत्र तिथे फिक्या शाईत छापलेलं असतं. मुलं पुढच्या बाजूचाच फोटो काढून आणतात, म्हणून मी मूळ कागदच मागवतो.

नुसता क्लास लिहिलेली जुनी पदवी असली तर सूत्र लागतच नाही. "द्वितीय श्रेणी" म्हणून मधला ५५ टाकू नये. प्रत्येक वर्षाच्या मार्कशीटवरचे गुण बेरजेला घ्यावेत. काही ठिकाणी क्लास फक्त शेवटच्या वर्षाच्या गुणांवर दिलेला असतो, आणि फॉर्म सगळ्या वर्षांची टक्केवारी मागतो. मार्कशीट हरवली असेल तर विद्यापीठातून प्रत काढावी.

आता ५९.९९६ चं काय करायचं? बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीत दोन वाक्यं असतात. एक म्हणतं, टक्केवारी दोन दशांशांपर्यंत काढा. दुसरं म्हणतं, अपूर्णांक धरला जाणार नाही, ५९.९९ हे ६० पेक्षा कमीच. तिच्या जाहिरातीतही हाच मजकूर होता. एरवी ही वाक्यं एकमेकांना छेद देत नाहीत. इथे दिला. दोन दशांशांपर्यंत जवळचा आकडा ६०.००, अपूर्णांक सोडला तर ५९.

मी त्या दिवशी फॉर्म भरला नाही. अंतिम तारखेला अकरा दिवस होते. तिला म्हटलं, आधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून टक्केवारीचं प्रमाणपत्र आण; तसंही ग्रेडवाल्यांना तपासणीच्या वेळी ते दाखवावंच लागतं. प्रमाणपत्राच्या अर्जासोबत सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या प्रती जोड आणि प्रमाणपत्रात सूत्र व अंतिम टक्केवारी दोन्ही लिहून घे, असंही सांगितलं. नुसतं सूत्र छापलेलं सर्वसाधारण पत्र पुष्कळदा देतात, आणि त्यावर विद्यार्थ्याचा आकडाच नसतो.

आठव्या दिवशी ती पत्र घेऊन आली. त्यात सीजीपीआय ६.७६, खाली सूत्र आणि त्याखाली टक्केवारी: ६०.००. विद्यापीठानं दोन दशांशांपर्यंत जवळचा आकडा घेतला होता.

मग फॉर्ममध्ये ६.७६ आणि १० पुसले. चौकट स्वतःच भागाकार करते म्हणून एकूण गुण १०० आणि मिळालेले ६०.०० टाकले. पद्धतीच्या रकान्यात 'ग्रेड' निवडून सीजीपीआय वेगळा लिहिला. सबमिट करण्याआधी प्रिव्ह्यूची प्रिंट काढून तिला पत्राशी ओळ न ओळ ताडून पाहायला लावली.

फॉर्ममधला आकडा विद्यापीठाच्या कागदावरचाच आहे, त्यामुळे तिनं काही खोटं लिहिलं असं कोणी म्हणू शकत नाही. पण त्याच कागदावर सूत्रही आहे. तपासणीच्या टेबलावर एखाद्या अधिकाऱ्यानं कॅल्क्युलेटर काढला तर त्याच्या पडद्यावर ५९.९९६ येणार. परीक्षा विभागातल्या माझ्या ओळखीच्या एका निवृत्त लिपिकांना विचारलं. ते म्हणाले, अधिकारी पत्रातला अंतिम आकडाच धरतो, पुन्हा गणित करत नाही. त्याच आठवड्यात एका बँकेतले गृहस्थ म्हणाले, सीमेवरचा आकडा दिसला की आम्ही हमखास पुन्हा करून बघतो.

लेखी परीक्षेत ती उत्तीर्ण झाली आहे. कागदपत्र तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मूळ पत्र, त्याच्या दोन साक्षांकित प्रती आणि जाहिरातीतलं दोन दशांशांचं वाक्य असलेलं पान, तिन्ही एकाच फाइलमध्ये लावून दिलंय.