हासळीच्या वरची गाठ

रामबागेतल्या एक काकू कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीचा घसा महिन्याभरापूर्वी सुजला होता, ताप आला होता, गोळ्यांनी तो बरा झाला. मानेतली गाठ मात्र तशीच राहिली. "अवधाण आलंय हो ताई, घशामुळेच," काकू म्हणाल्या, "दुखतबिखत नाही, म्हणून थांबलो. सूज उतरायची गोळी तेवढी द्या."

तिला खुर्चीत बसवून मी मागे उभी राहिले आणि मान किंचित पुढे झुकवायला सांगितली. अशाने स्नायू सैल पडतात, बोटांना खोलवरचं कळतं. जबड्याच्या कोनाखाली दोन्हीकडे हरभऱ्याएवढ्या गाठी लागल्या. मऊ होत्या, बोटाखाली सरकत होत्या. घशाचा आणि टॉन्सिलचा लिम्फ नावाचा द्रव याच गाठींत उतरतो, त्यामुळे घसा बरा झाल्यावरही त्या काही आठवडे हाताला लागतात. तोपर्यंत त्यांचं दुखणं थांबलेलं असतं. त्यांची मला काळजी वाटली नाही.

मग हात खाली नेला. डाव्या हासळीच्या वरच्या खळग्यात तिला जोरात खोकायला सांगितलं, तेव्हा बोटाखाली गाठ वर आली. दोन सेंटिमीटरहून मोठी, रबरासारखी घट्ट, दाबली तरी न दुखणारी. त्या खळग्यातल्या गाठींकडे मुख्यतः छातीतून आणि पोटातून द्रव येतो. घसा सुजून तिथे एवढी गाठ येत नाही. घशाचं दुखणं त्याच सुमारास झालं, म्हणून सगळ्यांचं लक्ष घशाकडे गेलं होतं.

रात्री घाम येतो का, विचारलं. कुर्ता बदलावा लागतो, म्हणाली. उन्हाळा आहे, काकू मध्येच म्हणाल्या. पण इंदूरच्या रात्री गार असतात, आणि घरात बाकी कोणाचे कपडे भिजत नव्हते. वजन सहा महिन्यांत चोपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आलं होतं. डाएटिंग नव्हतं. घरात कोणाला टीबी झाला नव्हता. तरी आपल्याकडे मानेच्या जुन्या गाठीत टीबीचा विचार आधी करावाच लागतो. त्या गाठी बहुधा एकमेकींना चिकटतात, पुढे मऊ होऊन फुटूही शकतात.

सूज उतरायची गोळी मी दिली नाही. तशी गोळी म्हणजे बहुधा स्टेरॉइड, आणि लिम्फोमा, म्हणजे या लिम्फच्या गाठींचा कॅन्सर, असेल तर त्या गोळीने गाठ काही दिवस आक्रसते, बायोप्सीत निदान निसटतं, आणि घरच्यांना बरं वाटल्याचा भास होतो. हे काकूंना समजावून सांगताना त्यांचा चेहरा उतरला, पण सांगणं भाग होतं.

छातीच्या एक्स-रेत मधला भाग रुंद दिसला. सुईने काढलेल्या पेशींचा अहवाल आला: 'संसर्गामुळे वाढलेली गाठ, टीबीचे जंतू नाहीत.' काकू सुटकेने रडल्या. त्यांना बसवून मी सांगितलं की या अहवालावर थांबता येणार नाही. हॉजकिन लिम्फोमात रोगाच्या मोठ्या पेशी मोजक्या असतात, भोवती साध्या पेशींची गर्दी. सुईच्या टोकाला गर्दी आली तर अहवाल साधाच येतो. हाताला लागलेली गाठ, वजन आणि एक्स-रे त्या कागदाशी जुळत नव्हते. अशा वेळी अख्खी गाठ काढून तपासावी लागते, तुकडा नाही, कारण गाठीची आतली रचनाही बघायची असते.

सर्जनांशी बोलून गाठ काढवली. एक भाग फॉर्मेलिनमध्ये न घालता टीबीच्या कल्चरसाठी वेगळा ठेवायला आधीच सांगितलं होतं, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. पॅथॉलॉजीचा निकाल हॉजकिन लिम्फोमा असा आला.

घरात तो शब्द उच्चारणं अवघड गेलं. पण याच वयात जास्त दिसणारा आणि औषधांना चांगली दाद देणारा हा आजार आहे, हे मी धीर द्यायला म्हणून सांगितलं नाही. ते खरं आहे. पेट स्कॅन झाला, चार औषधांची केमोथेरपी दर पंधरा दिवसांनी सुरू झाली. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतरच्या स्कॅनमध्ये रोग विझत आल्याचं दिसलं. उपचार अजून संपलेले नाहीत.

परवा काकू धाकट्या मुलाला घेऊन आल्या. सर्दीनंतर त्याच्या जबड्याखाली गाठ आली होती आणि त्या भीतीने रोज दाबून बघत होत्या. छोटी, मऊ, हलती गाठ होती. हासळीजवळ, काखेत काही नव्हतं, वजन उतरलं नव्हतं. मी म्हटलं, काकू, दाबणं बंद करा, दाबून दाबून ती दुखायला लागेल. चार आठवड्यांनी दाखवायला आणा. मधल्या काळात वाढली, कडक झाली किंवा ताप आला, तर त्या दिवशीच या.