आमची वाटचाल : फोटोवरून खूर बघायला शिकलो तेव्हा

आमचं घर नालबंदांचं, वडील नेरळहून माथेरान चढायचे, मीही तेच करतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये वर जाणं बंद झालं आणि घोडेवाले व्हॉट्सअॅपवर खुरांचे फोटो पाठवायला लागले, तिथून या कामाचं वळणच बदललं.

पहिले फोटो सगळे उभ्यानेच काढलेले. वरून काढला की लांब खूरही बुटका दिसतो. एका घोडीचा असाच फोटो आला, खाली पुढच्या बाजूला बोटभर चीर, बाकी ठीक वाटत होतं. मी म्हटलं, दादा खूर ब्रशने धुवा, सपाट फरशीवर घोडी उभी करा, फोन जमिनीला टेकवून अगदी बाजूने काढा. तो फोटो आला आणि चित्रच वेगळं! खुराचं टोक पुढे पळालेलं, टाच बसलेली, खुराची पुढची रेघ आणि वरच्या पायाची रेघ एका सरळीत यायला हवी ती मध्येच मोडलेली. नालेची मागची टोकं टाचेच्या आत सरकलेली, खिळ्यांची वळवलेली टोकं उचललेली. विचारलं तर नाल ठोकून 11 आठवडे झालेले. खूर महिन्याला साधारण 8-9 मिलिमीटर वाढतो आणि नाल असली की तो झिजत नाही, म्हणून आम्ही 6 ते 8 आठवड्यांत नाल काढून खूर कापतोच. इथे चीर म्हणजे लांबलेल्या टोकावर आलेल्या ताणाची होती. परवानगी मिळाल्यावर वर गेलो, एकदम सगळं न कापता दोन खेपांत टोक मागे घेतलं. उरलेल्या चिरेच्या वरच्या टोकाशी कानशीने आडवी खूण केली आणि 15 दिवसांनी त्याच कोनातून फोटो मागवला. चीर खुणेच्या वर गेली नव्हती, म्हणजे ती वाढत नव्हती, खुराबरोबर खाली उतरत होती.

पण एका तट्टाच्या बाबतीत मी चुकलो, ते अजून मनाला लागतं. फोटोत खालची चीर दिसली, वाढीचीच समजलो. खरं तर ती वरून, केसांच्या कडेपासून निघालेली, केसांनी झाकली होती, काही दिवसांनी तिथून पू आला. अशी चीर खूर जिथून उगवतो तिथलीच असते, त्यामुळे नुसतं कापून भागत नाही, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावंच लागतं. तेव्हापासून केस वर करून काढलेला एक फोटो आणि पाय उचलून तळाचा एक फोटो आल्याशिवाय मी काहीच सांगत नाही.

आणि हात लावून बघायलाही सांगतो, कारण खूर गरम आहे का, तळातल्या त्रिकोणी भागाला कुजका वास येतो का, हे फोटोत कुठून कळणार? आता घोडेवाल्यांची पोरं स्वतःच फोन जमिनीला टेकवतात, नाल ठोकल्याची तारीखही खाली टाइप करतात.