तुम्ही विचारलंत म्हणून : तेवढं क्रोम अपडेट करून द्याल का?

“लॅपटॉप अजून छान चालतोय, विंडोज ७ आहे. फक्त क्रोम अपडेट होत नाही आणि बँकेची साइट नीट उघडत नाही. तेवढं करून द्याल का?”

तेवढं करता येत नाही. दुरुस्तीला आलेल्या मशीनवर मी आधी अ‍ॅड्रेस बारमध्ये `chrome://version` टाकून पाहते. विंडोज ७ असेल तर तिथे १०९ दिसतं, आणि ते तिथेच थांबलेलं असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून क्रोमला किमान विंडोज १० लागतं. क्रोम काढून पुन्हा टाकलं तरी काही बदलत नाही.

मग लोक म्हणतात, दुसरा ब्राउझर टाका. फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती विंडोज ७ वर चालते आणि क्रोम १०९ थांबल्यानंतरही तिला सुरक्षेचे अपडेट मिळत राहिले. मोझिलाने तिची मुदत अनेकदा वाढवली, पण त्या भरवशावर वर्षभराचा बेत आखू नका. महिना-दोन महिने निभावून न्यायला ती ठीक आहे. खरी अडचण ब्राउझरच्या खाली आहे, आणि ती समजायला २०१९ चं एक प्रकरण पुरेसं आहे.

ब्राउझर प्रत्येक वेबपेज एका बंदिस्त कप्प्यात चालवतो. त्याला सँडबॉक्स म्हणतात. पेजमध्ये घातक कोड असला तरी तो त्या कप्प्यातच अडकून राहावा, ही त्यामागची कल्पना. पण कप्प्याच्या भिंती विंडोजच्या आधारावर उभ्या असतात. २०१९ च्या सुरुवातीला हल्लेखोरांनी सुरक्षेतली दोन भोकं जोडून वापरली. क्रोममधल्या भोकातून ते कप्प्यात शिरले आणि विंडोजच्या गाभ्यातल्या win32k.sys या फाइलमधल्या भोकातून कप्प्याबाहेर पडले. हा हल्ला ३२-बिट विंडोज ७ वर झालेला दिसला. गूगलने १ मार्चला आपलं भोक बुजवलं, मायक्रोसॉफ्टने १२ मार्चला आपलं. तेव्हा विंडोज ७ ला अपडेट मिळत होते. घरगुती वापरासाठी ते १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. त्यानंतर सापडलेली भोकं तुमच्या मशीनवर तशीच उघडी आहेत, वर कितीही नवा ब्राउझर टाका.

आणि असा हल्ला झाला तरी बाहेरून कळत नाही. मशीन हँग होत नाही, काही वेगळं दिसत नाही. म्हणून “इतकी वर्षं काही झालं नाही” हे ऐकलं की मला काळजी वाटते. काही साइट ब्राउझर जुना आहे म्हणून अडवतात, तेव्हा कुणीतरी युजर एजंट बदलायचं एक्स्टेंशन टाकून देतं. त्याने फक्त साइटला खोटी आवृत्ती सांगितली जाते, साइट उघडते आणि धोका आहे तिथेच राहतो. पासवर्ड टाकायच्या मशीनवर हे करू नका.

शेजारच्या निवृत्त गुरुजींचा २०१३ चा लॅपटॉप गेल्या महिन्यात केला. ४ जीबी रॅम, विंडोज ३२-बिट. विंडोज १० चा विचार केला, पण त्याचीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि जुन्या हार्ड डिस्कवर ते रडत चालतं. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंट ६४-बिटच येतं, त्यामुळे आधी प्रोसेसर ६४-बिट आहे ना हे पाहिलं. होता. विंडोज ३२-बिट असलं तरी प्रोसेसर तसाच असतो असं नाही. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

मिंट टाकायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह रुफस या प्रोग्रामने तयार केला. विंडोज ७ वरूनच करणार असाल तर रुफस ३.२२ घ्या, पुढचे तिथे चालत नाहीत. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवलं. वायफाय, आवाज, प्रिंटर गुरुजींनी स्वतः तपासले आणि मगच इन्स्टॉलला हात लावला. त्याआधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. क्रोममधले पासवर्ड `chrome://settings/passwords` मधून फाइलमध्ये काढले. त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडेनागडे असतात, म्हणून नव्या ब्राउझरमध्ये घेतल्यावर ती लगेच पुसली आणि बँकेचा पासवर्ड नव्या सिस्टीमवरून बदलला.

एक गोष्ट मात्र मिंटवर आली नाही. गुरुजींची वीस वर्षांची टिपणं श्री-लिपीत आहेत. तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात, आणि ते सॉफ्टवेअर विंडोजचं. म्हणून विंडोज ७ पुसलं नाही, मिंट त्याच्या शेजारी टाकलं. विंडोजमधलं वायफाय आणि लॅन दोन्ही अ‍ॅडॅप्टर डिसेबल केले. आता मशीन सुरू करताना यादी येते. टिपणं उघडायची असतील तर गुरुजी विंडोज निवडतात, बँकेसाठी मिंट.