‘दोनदा हात वर केला’: एका अभिप्रायाची कॅप्शन होताना

सोलापुरातील एका दातांच्या दवाखान्यात मी स्वागतकक्ष सांभाळते. अपॉइंटमेंट, बिले, फोन ही कामे उरकल्यावर दवाखान्याचे इन्स्टाग्राम पानही माझ्याच गळ्यात येते. गेल्या हिवाळ्यात एका रुग्णाच्या अभिप्रायावरून चार ओळींची कॅप्शन तयार करायला मला नऊ दिवस लागले. ज्यांचा अभिप्राय होता त्या काकूंना हा अनुभव लिहू का, असे विचारूनच लिहीत आहे. त्यांच्या घराची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अभिप्राय गूगलवर आला होता आणि तो असा होता: “खालची दाढ तीन आठवडे ठणकत होती. मला शुगर आहे म्हणून भीती वाटत होती. आधी एका दवाखान्यात दाढ काढूनच टाका म्हणाले. इथल्या मॅडमनी रूट कॅनाल करून वाचवली. मॅडम म्हणाल्या, दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबते. पहिल्या दिवशी थोडं दुखलं. दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा थांबल्या. तीनदा यावं लागलं, पण कधी काय करणार ते आधी सांगितलं. आता गड्ड्याच्या जत्रेत आमच्या चादरीच्या दुकानावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाते. सोलापुरात असा डॉक्टर नाही. दाढ आता जन्मभर जाणार नाही.”

मी हरखून गेले. अर्ध्या तासात स्क्रीनशॉट घेतला, त्याभोवती निळी चौकट टाकली आणि वर लिहिले, ‘वेदनारहित रूट कॅनाल! सोलापूरकरांचा विश्वास!’ पोस्ट करण्यापूर्वी मॅडमना दाखवण्याची पद्धत आहे म्हणून दाखवले. त्यांनी हातमोजे काढता काढता वाचले आणि एवढेच विचारले, “त्या म्हणतात थोडं दुखलं, आणि तू वेदनारहित लिहितेस?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मॅडमनी मग समजावले की दाढेच्या आतली नस खूप सुजलेली असते तेव्हा खालच्या जबड्यातल्या दाढेला नेहमीचे भुलीचे इंजेक्शन कधी कधी पुरेसे चढत नाही, जास्तीची भूल द्यावी लागते, आणि म्हणूनच त्या हात वर करण्याची खूण आधी ठरवून घेतात. ‘वेदनारहित’ हा शब्द वाचून आलेल्या पुढच्या रुग्णाला पहिली कळ आली की तो फसवल्यासारखा उठून बसणार. उलट, दुखले तर थांबतात हे दुसऱ्या रुग्णाच्या तोंडून कळलेला माणूस खुर्चीत निम्म्या भीतीने बसतो. म्हणजे जे वाक्य मी चौकटीबाहेर ढकलणार होते, तेच कॅप्शनचे मूळ ठरले.

दुसऱ्या दिवशी अभिप्रायाचा प्रिंट काढून मी पेन्सिल घेऊन बसले. ‘सोलापुरात असा डॉक्टर नाही’ हे वाक्य पहिल्यांदा गेले. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेत जाहिरातबाजी करून रुग्ण मिळवणे अनैतिक मानले आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या कौशल्याची स्तुती आमच्या पानावर आम्हीच मिरवणे मॅडमना मुळातच मान्य नाही. रुग्णाने गूगलवर काय लिहावे हा रुग्णाचा प्रश्न. ते उचलून आपल्या पानावर लावले की बोलणारे आपण होतो. ‘दाढ जन्मभर जाणार नाही’ हेही गेले, कारण तशी हमी कोणताच दंतवैद्य देऊ शकत नाही. आधीच्या दवाखान्याबद्दलचे वाक्य मला सोडवत नव्हते, कारण त्यात गोष्टीची रंगत होती. पण त्या दिवशी दाढेची अवस्था काय होती, एक्स-रेत काय दिसले, काकूंनी तिथे काय सांगितले, यांतले आम्हांला काहीच ठाऊक नव्हते, आणि दुसऱ्या डॉक्टरांना खाली दाखवून आपण वर जाणे शोभणारे नव्हते.

कडक भाकरीचे वाक्य मात्र मॅडमनी वेगळ्याच कारणाने थांबवले. रूट कॅनाल झालेली दाढ कॅप बसेपर्यंत कडक घास चावताना तुटू शकते. काकूंची कॅप बसली होती, पण वाचणाऱ्याला ते कळणार नाही आणि कोणीतरी तात्पुरत्या सिमेंटवरच भाकरी चावून बघेल. अवतरणात आपण ‘कॅप बसल्यावर’ हे शब्द घुसडू शकत नाही, कारण ते काकूंचे शब्द नाहीत. तेव्हा वाक्य वगळायचे, किंवा अवतरणाबाहेर दवाखान्याच्या नावाने खुलासा द्यायचा, हे दोनच मार्ग होते. आम्ही वाक्य वगळले आणि खुलासा ठेवला.

उरला ओळखीचा प्रश्न, आणि तो मला वाटला त्यापेक्षा बराच खोल निघाला. नाव पुसले की झाले, अशी माझी समजूत होती. पण गड्ड्याच्या जत्रेतले चादरीचे दुकान, त्यावर बसणाऱ्या काकू, शुगर आणि वाचवलेली दाढ एवढे एकत्र आले की पूर्वभागातल्या निम्म्या गल्ल्यांना नावाची गरजच उरत नाही. आपले शहर एवढे मोठे नाही. शुगरचा उल्लेख तर कुठल्याच रूपात नको होता. मॅडमना उपचाराच्या वेळी ती माहिती आवश्यक होती, कारण जखम भरण्याशी तिचा संबंध असतो. इन्स्टाग्रामला ती आवश्यक नव्हती. एक्स-रे टाकण्याची माझी सूचनाही तिथेच बारगळली, कारण आमच्या एक्स-रेच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव आणि तारीख उमटलेली असते.

आणि मग मला दिसले की अभिप्राय ज्या खात्यावरून आला होता, त्यावर काकूंचे नाव नव्हतेच. खाते त्यांच्या सुनेचे होते. काकू बोलल्या होत्या, सुनेने टाइप केले होते. गूगलवर सगळ्यांना दिसतेच आहे, मग विचारायचे कशाला, असे मी तोवर मनाशी म्हणत होते. तो आधारही गेला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माणसाने स्वतः जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे, पण इथे सासूच्या शुगरची बातमी जाहीर झाली होती सुनेच्या हातून. शिवाय कायदा काहीही म्हणो, अमुक बाई आमच्या रुग्ण आहेत याला दवाखान्याने दुजोरा देणे ही वेगळीच गोष्ट आहे. त्यामुळे आधी मी गूगलवरच्या उत्तरात फक्त ‘वेळ काढून लिहिल्याबद्दल आभार’ एवढेच लिहिले. दाढेचा किंवा उपचाराचा उल्लेख केला नाही.

परवानगी कधी मागायची, यावर मॅडमचे मत ठाम होते. रुग्ण खुर्चीत असताना नाही, बिल देताना नाही, आणि सवलतीच्या बदल्यात तर कधीच नाही. तोंडात कापूस असलेला माणूस कशालाही मान हलवतो. काकूंचा उपचार पूर्ण झालेला होता, तेव्हा मी फोन करून विचारले की मेसेज पाठवू का. मेसेज असा होता:

“काकू, नमस्कार. आपण सुनेच्या खात्यावरून दिलेल्या अभिप्रायातली काही वाक्ये दवाखान्याच्या इन्स्टाग्राम पानावर टाकावीत का, हे विचारत आहे. कॅप्शन जशी दिसेल तशी खाली दिली आहे. नाव, फोटो, एक्स-रे, दुकान, तब्येतीची इतर माहिती यांतले काहीही येणार नाही. पैसे भरून जाहिरात म्हणून ती चालवणार नाही. आपण नाही म्हणालात तरी उपचारात किंवा बिलात काही फरक पडणार नाही. नंतर केव्हाही ‘काढा’ एवढा मेसेज केलात तर त्याच दिवशी काढू. मात्र तोवर कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो आमच्या हातात नसेल. घाई नाही, चार दिवसांनी सांगितले तरी चालेल.”

त्यातले स्क्रीनशॉटचे वाक्य मला नको होते, कारण ते वाचून कोणीही बिचकेल असे वाटत होते. मॅडम म्हणाल्या, बिचकणार असतील तर आत्ताच बिचकू देत.

पाच मिनिटांत सुनेच्या फोनवरून ‘ओके, टाका’ असे उत्तर आले. मी आनंदाने मॅडमना दाखवायला गेले आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले. हे उत्तर सुनेचे होते. सुनेची परवानगीही हवीच होती, कारण लिहिणे तिचे होते, पण दाढ काकूंची होती. काकू घरी तेलुगू बोलतात, मराठी समजते पण वाचायला कंटाळतात. आमच्या दवाखान्यातल्या सहायक ताईंना तेलुगू येते. त्यांनी काकूंना फोन लावून सगळा मेसेज तेलुगूत सांगितला. कायद्यानेही माणसाला ही सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या त्याला हव्या त्या भाषेत मिळण्याची सोय ठेवली आहे, आणि तेलुगू त्यात आहे. पण आम्ही ते कायद्यासाठी केले नाही, काकूंना नीट कळावे म्हणून केले.

काकूंनी ऐकून घेतले आणि एकच बदल सांगितला. ‘तीन आठवडे’ काढा. तीन आठवडे दाढ ठणकत होती हे त्यांनी मुलाला सांगितलेले नव्हते. तो म्हणेल, एवढे दिवस गप्प का बसलीस. ‘थोडं दुखलं’ हे ठेवू का, असे ताईंनी मुद्दाम विचारले. त्यावर काकू म्हणाल्या, “खरं आहे ते, राहू दे.” हा बदल करून अंतिम मजकूर मी पुन्हा पाठवला, ताईंनी पुन्हा वाचून दाखवला आणि काकूंनी स्वतःच्या आवाजात ‘चालेल’ असा व्हॉइस मेसेज पाठवला. तो मेसेज, तारीख आणि मंजूर झालेला मजकूर मी रुग्णाच्या फाइलला जोडून ठेवला.

कॅप्शन शेवटी अशी गेली:

“‘मॅडम म्हणाल्या, दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबते. पहिल्या दिवशी थोडं दुखलं. दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा थांबल्या. तीनदा यावं लागलं, पण कधी काय करणार ते आधी सांगितलं.’
रूट कॅनाल झालेल्या एका रुग्णाचे शब्द, त्यांच्या परवानगीने. काही वाक्ये वगळली आहेत, शब्द बदललेले नाहीत. प्रत्येक दाढेची अवस्था वेगळी असते, त्यामुळे भेटींची संख्या आणि त्रास कमी-जास्त होऊ शकतो. कॅप बसेपर्यंत त्या दाढेने कडक खाऊ नये.”

सोबतच्या चित्रात फक्त रिकामी खुर्ची होती. पहिल्या दोन दिवसांत तीन जणांनी फोनवर विचारले की हात वर केला की खरेच थांबतात का. उपचार किती रुपयांत होतो, हे त्यांच्यापैकी एकानेही आधी विचारले नाही, याचे मला नवल वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोस्टखाली एक कमेंट दिसली. कोणा शेजारणीने काकूंचे नाव लिहून ‘या तर आमच्याच’ असे म्हटले होते आणि पुढे हसरा चेहरा टाकला होता. सगळी काळजी घेऊन राहिलेली फट ती हीच होती. मी कमेंट लगेच लपवली, पोस्टवरच्या कमेंट बंद केल्या आणि काकूंना फोन करून झाले ते सांगितले, पोस्टच काढू का असेही विचारले. त्या आधी हसल्या. सुनेनेच शेजारणीला सांगितले असणार, असे म्हणाल्या, आणि मग थोडा विचार करून म्हणाल्या, “पोस्ट राहू दे. तिचं तेवढं परत दिसू देऊ नको.” हेही मी तारखेसह फाइलमध्ये लिहिले आणि मेसेजच्या नमुन्यात एक ओळ वाढवली: पोस्टखालच्या कमेंट बंद असतील.