धूर पाप्याच्या अंगावर

रविवारी भरीत जरा जास्तच झालं. दुपारी खाटेवर लवंडलो आणि सकाळच्या फोटोला कॅप्शन लिहायला घेतलं. फोटो साधाच. अंगणात आई कपाशीच्या काट्यांवर हिरवी वांगी भाजतेय, शेजारी भरीत ठेचायची लाकडी बडजी धुऊन पालथी घातलेली, धुरात आईचं अर्धं तोंड गायब.

पहिल्या झटक्यात लिहिलं होतं: 'पाहुणे येणार म्हणून सकाळपासून पळापळ, त्यात काट्या दमट निघाल्या, वांगी भाजायला दीड तास गेला. आई म्हणते, धूर पाप्याच्याच अंगावर येतो.'

गबाळं वाटलं. घासत बसलो. चौथ्या खेपेला हे निघालं: 'गुलाबी थंडी, चुलीचा दरवळ आणि आईच्या हातची माया... खान्देशची अस्सल चव!'

गुळगुळीत. फोटो अंगठ्याने झाकून परत वाचलं. याच्याखाली मांडे चालले असते, शेवभाजी चालली असती, दुसऱ्या कुणाची आईसुद्धा खपली असती. 'दरवळ' हा शब्द मी जन्मात तोंडाने उच्चारलेला नाही. मी खरंच बोलतो ते शब्द वेगळे काढले, तर 'आई' आणि 'आणि' एवढेच हाती लागले.

लहानपणी आजीची पत्रं मी लिहायचो. मामा सुरतेला. आजी चुलीपाशी बसून अहिराणीत सांगायची: म्हैस आटली, पत्रा उडाला, तू का येत नाहीस. मी शाळेतल्या ऐटीत लिहायचो, 'इकडे सर्व कुशल आहे.' वाचून दाखवलं की ती तोंड वेंगाडायची, "हाई काय शे?" आणि पोस्टकार्डाच्या कडेला, उरलेल्या जागेत, म्हैस लिहावी लागायची. मामा म्हणे तेवढी कडच वाचायचा.

तर आईचं वाक्य परत आणलं. पण घासणं अगदीच वाया गेलं म्हणता येणार नाही. इन्स्टाग्रामवर पहिल्या दोनेक ओळी दिसतात, बाकीचं `more` च्या मागे जातं, आणि माझ्या पहिल्या खरड्यात पाहुण्यांनीच ती जागा अडवली होती. त्यांना काढलं. आईला वर घेतलं. मधे एकदा सगळं अहिराणीत करून पाहिलं, पण अहिराणी मी फक्त बोलतो; लिहिताना ती माझीच नक्कल वाटायला लागली. तेही खोडलं.

शेवटी राहिलं ते असं: 'आई म्हणते, धूर पाप्याच्याच अंगावर येतो. काट्या दमट होत्या. दीड तास मी तिच्या समोरच बसलो होतो.'

'दीड तास'वर जरा अडलो. खरं तर तास-सव्वा तास झाला असेल. पण आम्ही बोलताना दीडच म्हणतो, राहू दिलं.

संध्याकाळी आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, बराच वेळ बघितलं.

"पदर केवढा मळलाय," म्हणाली. "सांगायचं नाही का आधी?"