चांदणीखाली काय लिहिलं होतं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात हेल्थ इन्शुरन्स विकतो, म्हणजे गावात प्रोजेक्टर लावून स्लाइड दाखवायच्या आणि फॉर्म भरून घ्यायचे. आमची दुसरी स्लाइड हिरव्या रंगात होती, "पहिल्या दिवसापासून संपूर्ण कव्हर" आणि शेवटी एक बारकी चांदणी. त्या चांदणीचा अर्थ शेवटच्या स्लाइडच्या तळाशी होता, इंग्रजीत, आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर लोक चहाले उठलेले असायचे. खरं सांगतो, तो भाग मी पण कधी वाचून दाखवला नाही.

मागच्या जुलैत एक काकाजी ऑफिसात आले, हातात क्लेम नाकारल्याचं पत्र. पॉलिसी 1 डिसेंबर 2024 ची, पहिली वेचणी विकून हप्ता भरला होता. पावसाळ्याच्या तोंडावर खताचं पोतं उचलताना जांघेत गाठ आली, हर्निया निघाला, ऑपरेशन झालं आणि कंपनीनं एक रुपया दिला नाही. म्हणे, "पोतं उचलताना झालं म्हणजे अपघातच ना जी? आन मले ते पहिलं नव्हतंच." दोन्ही वेळा मले नाही म्हणावं लागलं. अपघात म्हणजे बाहेरून अचानक झालेली इजा, आपणच वजन उचलल्यावर आलेला हर्निया कंपनी त्यात धरत नाही. आणि हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध, गर्भपिशवीचं ऑपरेशन, मुतखडा असे काही आजार पॉलिसीत नावानिशी लिहिलेले असतात, आमच्या पॉलिसीत त्यांना 24 महिने थांबावं लागते, आजार नवा असला तरी. काकाजी एवढंच म्हणाले, "पडद्यावर त हे नव्हतं भाऊ."

त्या रात्री मी नवीन स्लाइड बनवायले बसलो. "संपूर्ण कव्हर" काढून टाकलं. पहिल्याच स्लाइडवर तीन घड्याळं टाकली. पहिलं 30 दिवसांचं, त्यात अपघात सोडून काहीच मिळत नाही. दुसरं 24 महिन्यांचं, नाव लिहिलेल्या आजारांचं. तिसरं शुगर-बीपीसारख्या आधीपासूनच्या आजारांचं. आमच्याकडं ते 36 महिने आहे, आणि 2024 च्या नियमानुसार कोणत्याच कंपनीले याच्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. तिन्ही एकाच दिवशी सुरू होतात, एकामागं एक नाही, आणि एखादा आजार दोन्हींत बसला तर जे मोठं तेच लागू. हप्ता भरायचा राहिला आणि मुदतवाढीचे दिवसही निघून गेले, तर तिन्ही परत शून्यावर.

रूमच्या भाड्याले मात्र पूर्ण स्लाइड दिली, कारण तिथं शिकलेले लोकही फसतात. आमची पॉलिसी 3 लाखाची, रूमची मर्यादा दिवसाले 1 टक्का म्हणजे 3000. समजा नागपुरात 5000 ची रूम घेतली, पाच दिवस. लोकायले वाटते की फरक 2000 चा, पाच दिवसाचे 10,000 आपण भरू, झालं. पण कंपनी म्हणते तुमचा हक्क 5000 पैकी 3000, म्हणजे 60 टक्के, म्हणून डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर हे सगळं पण 60 टक्केच. बिल 1 लाख असलं, त्यात रूम 25,000, डॉक्टर-थिएटर 50,000 आणि औषधं 25,000, तर मिळतात 15,000 अन् 30,000 अन् औषधांचे पूर्ण 25,000. म्हणजे 70,000. खिशातून 10 नाही, 30 हजार गेले. (दवाखाना रूम पाहून फी बदलत नसेल तर ही कात्री लागत नाही, पण ते ॲडमिट होतानाच विचारा.)

साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "तू पॉलिसी विकून राहिला का लोकायले भिववून राहिला?" मी काही बोललो नाही, दुसऱ्या दिवशी गावात तेच लावलं. काकाजीही आले होते, मीच बोलावलं होतं. 24 महिन्यांच्या घड्याळावर आलो तसे उभे राहिले, "असं नको लिहू, कोणाले समजते? तारीख लिही." म्हणून तिथंच मोकळी जागा केली, पॉलिसी 1 डिसेंबर 2024 तर हर्नियाचा क्लेम 1 डिसेंबर 2026 पासून. आता फॉर्म भरतानाच ती तारीख पेनानं लिहून देतो.

त्या दिवशी सातच फॉर्म आले, पहिलं वीस-बावीस यायचे. त्यात एक ताई निघता निघता परत वळली, हळूच म्हणाली, "भाऊ, मागच्या वेळी तुमच्याच मानसानं माही शुगर लिहू नका म्हटलं होतं. आता लिहिली तर चालन का?" मी फॉर्म परत काढला. हप्ता थोडा वाढला तिचा. शुगरच्या घड्याळाची तारीख तिनं स्वतःच लिहिली, आणि मग विचारलं, "म्हंजे तवरोक पायाले जखम चिघळली त माह्याच पैशानं?" हो म्हटलं.