जीवा कशी काढली?

‘वर्तुळात यदृच्छया काढलेली जीवा, तिन्ही टोकं परिघावर असलेल्या आतल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा लांब असण्याची संभाव्यता तुम्ही कधी १/३ सांगता, कधी १/२, कधी १/४. मग खरं उत्तर कोणतं?’

जीवा कशी काढली ते कळल्याशिवाय एकही उत्तर देता येत नाही. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बर्ट्रां यांनी १८८९ मध्ये हा प्रश्न मांडला तो हेच दाखवायला. तरी मी स्वतः कितीतरी वर्षं १/३ हेच खरं मानत होतो, कारण मला आधी तेच शिकवलं गेलं होतं. तो समज माझ्या हातानेच मोडला, एका छोट्या वर्तुळाने.

१० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ घ्या. त्यातल्या समभुज त्रिकोणाची बाजू साधारण १७.३ सेंमी असते आणि ती केंद्रापासून बरोबर ५ सेंमीवर असते. जीवेची लांबी तिच्या केंद्रापासूनच्या अंतरावरच ठरते. म्हणून प्रश्न इतकाच उरतो: जीवा केंद्रापासून ५ सेंमीच्या आतून जाते का?

परिघावर दोन बिंदू मनाला येतील तसे घेऊन जोडले, तर एक तृतीयांश जीवा आतून जातात. एक त्रिज्या घेऊन तिच्यावर कुठेही बिंदू निवडला आणि त्यातून तिला लंब जीवा काढली, तर निम्म्या जातात, कारण १० सेंमीपैकी ५ सेंमी आत आहेत. जीवेचा मध्यबिंदू वर्तुळाच्या क्षेत्रफळात कुठेही सारख्याच शक्यतेने टाकला, तर ५ सेंमी त्रिज्येच्या आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ मोठ्याच्या चौथ्या हिश्श्याइतकं भरतं, म्हणून १/४. तीनही हिशेब चोख आहेत. प्रत्येक ठिकाणी ‘सारखी शक्यता’ वेगळ्या गोष्टीला वाटून दिली आहे: परिघाच्या कंसाला, त्रिज्येवरच्या अंतराला, क्षेत्रफळाला.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं मला फार आवडतं.

त्याच केंद्राभोवती ५ सेंमी त्रिज्येचं दुसरं वर्तुळ काढा. मोठ्या वर्तुळाच्या ज्या जीवा त्यातून जातात, त्यांचा आतला तुकडा म्हणजे छोट्या वर्तुळाचीच जीवा. तिथेही तोच प्रश्न विचारा. आता सीमा २.५ सेंमीची. पहिल्या पद्धतीने १००० जीवा काढल्या, तर सरासरी ३३३ छोट्या वर्तुळातून जातात आणि त्यांपैकी साधारण १६१ जीवा २.५ सेंमीच्या आत असतात. म्हणजे ४८ टक्के! बाहेर १/३ आणि आत जवळपास निम्मं. हे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हा मी गणित तीनदा तपासलं, कारण मला चूक हवी होती. चूक नव्हती. परिघावर बिंदू सारखे पसरले, तरी जीवा आत सारख्या पसरत नाहीत.

मध्यबिंदूची पद्धत या चाचणीत टिकते: १०,००० जीवांपैकी सरासरी २५०० छोट्या वर्तुळातून जातात आणि त्यांपैकी ६२५ जीवा २.५ सेंमीच्या आत असतात, पुन्हा १/४. पण छोटं वर्तुळ जरा सरकवा. १ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ केंद्रावर ठेवलं तर उत्तर १/४ येतं. तेच केंद्रापासून ६ सेंमीवर ठेवलं की जवळजवळ १/२ होतं. कारण या पद्धतीत अगदी केंद्राजवळून जाणाऱ्या जीवा विरळ असतात, आणि ही विरळ जागा केंद्राशीच बांधलेली आहे. वर्तुळ हललं की ती मागे राहते.

त्रिज्येच्या पद्धतीत मात्र छोटं वर्तुळ कितीही लहान करा, मोठ्याच्या आत कुठेही ठेवा, उत्तर १/२ च राहतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडविन जेन्स यांनी १९७३ मध्ये याच गुणाचा आधार घेतला. लांबून सरळ काड्या फेकणाऱ्याला वर्तुळ नेमकं कुठे आहे, केवढं आहे याची दखलच नसेल, तर उत्तर वर्तुळाच्या जागेवर किंवा आकारावर अवलंबून असू नये. ही अट फक्त १/२ हेच उत्तर पूर्ण करतं. त्यांनी काड्या फेकूनही पाहिल्या आणि निकाल त्याच बाजूचा निघाला.

म्हणून ‘वर्तुळ कुठेही असलं तरी चालेल’ असं विचारणाऱ्याने मान्य केलं, तर मी १/२ म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. पण जेन्स यांनी बर्ट्रां यांचा प्रश्न सोडवला, हे मला पटत नाही. त्यांनी त्यात एक अट घातली. कुणी मधोमध फिरणारा काटा दोनदा फिरवून परिघावर खुणा केल्या आणि त्या दोऱ्याने जोडल्या, तर तिथे १/३ च बरोबर, आणि काड्यांचा कितीही ढीग ते बदलू शकत नाही. त्या काट्याला वर्तुळ कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं.